आठवड्याचं, पंधरवड्याचं की महिन्याचं: सामानाची वाटणी कशी करायची

नवीन घर लावलेली मंडळी हमखास विचारतात की महिन्याचं सगळं सामान एकदम भरायचं का लागेल तसं थोडं थोडं आणायचं. सगळ्या सामानाला मिळून एक उत्तर नाहीये, कारण तांदूळ आणि पालक या दोन गोष्टींचं आयुष्यच वेगळं असतं. एकदम भरलं की भाजी सडते आणि पीठ खवट होतं, थोडं थोडं आणलं की दर दोन दिवसांनी पिशवी घेऊन निघावं लागतं आणि प्रत्येक फेरीला यादीत नसलेल्या चार गोष्टी घरात येतात. म्हणून प्रत्येक वस्तूची वेगळी चौकशी करायची, आणि ती चौकशी दोनच प्रश्नांची असते: ही वस्तू आपल्याकडे किती दिवस पुरते, आणि आपल्या घरात किती दिवस टिकते.

पुरण्याचे दिवस टिकण्याच्या दिवसांपेक्षा कमी असले पाहिजेत, बास. त्यात थोडी मोकळीक ठेवायची, म्हणजे एखादी वस्तू महिनाभर टिकते असं वाटत असेल तर ती तीन आठवड्यांत संपेल एवढीच घ्यायची, कारण उन्हाळ्यात किंवा दमट हवेत टिकण्याचे दिवस झपाट्याने कमी होतात आणि मध्ये पाहुणे, आजारपण, बाहेरचं जेवण असं काहीतरी येऊन खपाचाही अंदाज चुकतो.

आधी चार आठवडे फक्त तारखा लिहा

खप किती आहे हे डोक्यातून काढू नका. आपल्याला वाटतं तेल महिन्याला तीन लिटर लागतं आणि प्रत्यक्षात पावणेदोन लागत असतं. एक मार्कर स्वयंपाकघरात ठेवा, पाकीट किंवा बाटली फोडली की तिच्यावर तारीख टाका, संपली की फेकायच्या आधी फोनमध्ये त्या वस्तूचं नाव आणि किती दिवस गेले एवढं लिहून ठेवा. डब्यात ओतत असाल तर डब्यावर चिकटपट्टी लावून तिच्यावर तारीख टाका. एवढंच करायचंय, या चार आठवड्यांत खरेदीची पद्धत अजिबात बदलू नका, नाहीतर आकडे खोटे येतील.

सोबत एक दुसरी नोंद हवी आणि लोक नेमकी तीच टाळतात, ती म्हणजे काय फेकलं. नुसतं नाव लिहून उपयोग नाही, का फेकलं तेही लिहा. कारणं साधारण तीनच निघतात: जास्त आणलं होतं, आणलं पण करायचं राहून गेलं, किंवा नीट ठेवलं नव्हतं. तीन कारणांचे तीन वेगळे उपाय आहेत म्हणून हे महत्त्वाचं. कोथिंबीर दर वेळी काळी पडत असेल तर कमी आणून प्रश्न सुटणार नाही, छोटी जुडीही काळीच पडेल, तिथे ठेवण्याची पद्धत बदलायला हवी. पण बीट दर आठवड्याला तसंच पडून राहत असेल तर ते कितीही छान ठेवलं तरी काय उपयोग, ते यादीतूनच काढायचं.

महिना म्हणजे २८ दिवस

कॅलेंडरचा महिना धरू नका, चार आठवडे धरा. आठवड्याची, पंधरवड्याची आणि महिन्याची खरेदी एकमेकांत बसली पाहिजे, आणि ३० किंवा ३१ दिवस धरले की दर महिन्याला दोन-तीन दिवस उरतात आणि सगळं सरकत जातं. चार आठवडे धरले की गणित सोपं होतं: पहिल्या आठवड्यात मोठी फेरी, तिच्यात तिन्ही याद्या, दुसऱ्या आठवड्यात फक्त भाजी-फळं, तिसऱ्यात भाजी-फळं आणि पंधरवड्याची यादी, चौथ्यात पुन्हा फक्त भाजी-फळं. म्हणजे एकूण चार फेऱ्या. पंधरवड्याच्या आणि महिन्याच्या सामानासाठी वेगळं बाहेर पडायचंच नाही, ते आठवड्याच्या फेरीतच येतं. पगाराच्या तारखेला मोठी खरेदी करायची सवय असेल तर पैसे तेव्हा बाजूला काढून ठेवा, खरेदी मात्र ठरलेल्या वारी करा.

एक घर घेऊन हिशोब करू

समजा घरात तिघं आहेत, दोन मोठी माणसं आणि एक शाळकरी मूल. चार आठवड्यांच्या नोंदीतून असं दिसलं की रोज साधारण ३०० ग्रॅम कणीक, २०० ग्रॅम तांदूळ, ६० मिली तेल, २०० ग्रॅम कांदे आणि १५० ग्रॅम बटाटे लागतात. आता एकेक वस्तू बघू.

तांदूळ सोपा आहे. २८ दिवसांचे ५.६ किलो होतात, पॉलिश केलेला पांढरा तांदूळ कोरड्या घट्ट डब्यात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणजे ही महिन्याची वस्तू, पाच किलोची एक पिशवी आणि वर एक किलो. ब्राऊन राइस असेल तर मात्र थांबा, त्याच्यावरच्या कोंड्यात तेल असतं आणि ते खवट होतं, त्यामुळे तो थोडा थोडा घ्यावा आणि जमलं तर फ्रिजमध्ये ठेवावा.

कणकेचंही तसंच आहे. गव्हाच्या अंकुरातलं तेल दळताना पिठात मिसळतं आणि हवा लागली की हळूहळू खवट व्हायला लागतं, गहू अख्खे असताना हे होत नाही म्हणून गहू टिकतात आणि पीठ टिकत नाही. चांगल्या हवेत महिना-दीड महिना ठीक, उष्ण आणि दमट हवेत त्याच्याही आत चव कडवट लागायला लागते. आता दहा किलोची पिशवी या घरात ३३ दिवस पुरेल, म्हणजे अगदी काठावर. पाच किलोची १६ दिवस पुरते. म्हणून कणीक पंधरवड्याच्या यादीत, पाच किलो. १४ दिवसांचा खप ४.२ किलो म्हणजे दर वेळी ८०० ग्रॅम उरणार, ते साठत साठत सहा पंधरवड्यांत जवळजवळ अख्ख्या पिशवीएवढं होतं, त्या खेपेला पिशवी आणायचीच नाही. पण एक काळजी घ्या, नवीन पीठ जुन्यावर ओतू नका. जुनं बाजूला काढा, डबा पुसून कोरडा करा, नवीन आधी घाला आणि जुनं वर. नाहीतर डब्याच्या तळाशी कधीचं पीठ बसलंय ते कोणालाच कळत नाही आणि किडे तिथूनच सुरू होतात.

तेलाला २८ दिवसांचे १.६८ लिटर लागतात. दुकानात पाच लिटरचा कॅन दिसतो आणि लिटरमागे स्वस्त पडतो, मोह होणारच, पण या घरात तो फोडल्यापासून ८३ दिवस चालणार आहे आणि रोज झाकण उघडून रोज हवा लागणार आहे. गॅसशेजारी ठेवला असेल तर आणखी वाईट, उष्णता आणि उजेड दोन्हीनं तेल लवकर खवट होतं. त्यापेक्षा एक लिटरच्या दोन बाटल्या महिन्याला घ्या, एक वापरात आणि एक बंद. प्रत्येक बाटली १६-१७ दिवसांत संपते. दर महिन्याला ३०० मिलीच्या वर उरतं, म्हणून चौथ्या महिन्यात एकच बाटली आणली तरी भागतं. बंद बाटली अंधाऱ्या कपाटात ठेवली तर तिच्यावरच्या तारखेपर्यंत आरामात राहते, त्यामुळे स्वस्तातलं घ्यायचंच असेल तर छोट्या बाटल्यांचा संच बघा, एक मोठा कॅन नको. तेल बिघडलंय का ते वासावरून कळतं, जुन्या रंगाच्या डब्यासारखा किंवा मेणाच्या खडूसारखा वास यायला लागतो आणि घशात थोडं खवखवतं.

कांदे पंधरा दिवसांना तीन किलो आणि बटाटे सव्वादोन किलो. दोन्ही पंधरवड्याच्या यादीत. महिनाभर टिकू शकतात पण घरातल्या घरात तेवढी थंड, अंधारी आणि हवेशीर जागा बहुतेकांकडे नसते. प्लॅस्टिकच्या पिशवीतून लगेच बाहेर काढायचे, दोघांना वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवायचं कारण बटाट्याच्या ओलाव्यानं कांदा नासतो, आणि बटाट्यावर उजेड पडू द्यायचा नाही. उजेडात बटाटा हिरवा होतो आणि त्याच वेळी त्याच्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य वाढतं. एखादा हिरवा डाग खोलवर कापून टाकता येतो, पण बराचसा हिरवा झालेला किंवा कडू लागणारा बटाटा सरळ फेकायचा, तिथे काटकसर करू नका.

डाळी आणि कडधान्यं महिन्याची. यात चूक होते ती एकूण वजनात होत नाही, प्रकारांत होते. तिघांच्या घरात महिन्याला अडीच किलो डाळी-कडधान्यं खपत असतील आणि डब्यात नऊ प्रकार एकेक किलो भरलेले असतील तर त्यातले चार-पाच वर्षभर हलत नाहीत. फार दिवस पडलेली कडधान्यं, विशेषतः गरम आणि दमट जागेत, कितीही भिजवली तरी नीट शिजत नाहीत. म्हणून रोजच्या दोन डाळी दर महिन्याला घ्या आणि बाकीचे प्रकार आलटून पालटून, या महिन्यात राजमा तर पुढच्या महिन्यात छोले, अर्धा अर्धा किलो.

मसाल्यांचं एका वाक्यात सांगायचं तर अख्खे महिन्यांच्या हिशोबानं टिकतात आणि दळलेले वासाला लवकर उतरतात, त्यामुळे रोज ३ ग्रॅम लागणाऱ्या पुडीचं १०० ग्रॅमचं पाकीट साधारण महिनाभराचं आणि ५०० ग्रॅमचं पाकीट साडेपाच महिन्यांचं. साखर, मीठ, चहा, साबण यांच्याबद्दल डोकं चालवायची गरज नाही, ओल लागू दिली नाही तर ते टिकतातच, जागा असेल तेवढं घ्या.

खरी कसोटी आठवड्याच्या भाजीची

फेकलं जातं ते बहुतेक इथेच. एका फेरीत सात दिवसांची भाजी आणायची म्हटलं की नवीन माणूस सातही दिवसांचं सारखंच आणतो आणि मग चौथ्या दिवशी पालेभाजी पिवळी, काकडी लिबलिबीत आणि मेथीला वास. भाजी आणतानाच ती कोणत्या क्रमानं संपवायची ते ठरलेलं पाहिजे.

आधी जेवणं मोजा. आठवड्यात दुपार-रात्र मिळून १४ जेवणं असतात, पण त्यातलं एखादं बाहेर होतं, दोन जेवणं उरलेल्या अन्नावर निघतात, एखाद्या दिवशी नुसती डाळ-भात किंवा अंडी होतात. म्हणजे भाजी लागते ती जेमतेम दहा जेवणांना. दहाचीच आणा. आणि खरेदीच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ यादीत मोकळी सोडा, फ्रिजमध्ये जे काही अर्धा गाजर, दोन टोमॅटो, मूठभर शेंगा उरलं असेल ते सगळं त्या संध्याकाळी एका भांड्यात संपवायचं. तेव्हाच फ्रिज रिकामा दिसतो आणि यादीही तिथेच उभं राहून करता येते.

आता क्रम. समजा शनिवारी भाजी आणली. शनिवार, रविवार, सोमवार पालेभाज्या आणि मशरूमचे, कारण पानांतलं पाणी लवकर उडतं आणि जुडीच्या आत ओल राहिली तर तिथूनच सडायला लागतं. मंगळवार-बुधवार भेंडी, फरसबी, काकडी, ढोबळी मिरची, वांगी, पिकलेले टोमॅटो. गुरुवार-शुक्रवार कोबी, फ्लॉवर, गाजर, बीट, भोपळा, या घट्ट भाज्या आठवडाभर थांबतात, कोबी आणि गाजर तर पंधरा दिवसही थांबतात. त्यामुळे कोबी-गाजर पंधरवड्याच्या यादीत गेली तरी हरकत नाही. टोमॅटो घेताना अर्धे लाल आणि अर्धे अजून कडक असे घ्या, कडक बाहेर राहू द्या, ते मधल्या दिवसांत पिकतात. केळ्यांचंही तसंच, सगळी पिवळी घेतली तर तिसऱ्या दिवशी सगळी काळी.

पालेभाजी घरी आली की जुडी सोडा. ही पाच मिनिटं फार मोलाची आहेत. दोरा किंवा रबर काढा, चिरडलेली आणि ओली काळपट पानं वेगळी करा, कारण एक सडकं पान शेजारच्या चार पानांना सडवतं. धुऊ नका, धुतलीच तर पूर्ण कोरडी होईपर्यंत पसरून ठेवा. मग कोरड्या कापडात किंवा कागदात सैल गुंडाळून डब्यात, आणि डबा फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात. दोन दिवसांनी कागद ओला लागला तर बदला. ज्या डब्यात पालेभाजी आहे त्याच्या आसपास सफरचंद किंवा पिकलेली केळी नकोत, पिकणारी फळं इथिलीन नावाचा वायू सोडतात आणि त्यानं पानं लवकर पिवळी पडतात.

सोमवार संपला आणि एक जुडी तशीच आहे असं दिसलं तर वाट बघू नका. निवडून, धुऊन उकळत्या पाण्यात एक-दोन मिनिटं घाला, लगेच गार पाण्यात काढा, पिळून एका वेळेला लागतील एवढे गोळे करून फ्रीजरमध्ये टाका. डाळीत, पराठ्यात, सूपमध्ये कुठेही जातात. पिवळी पडल्यावर हे करून उपयोग नाही, हिरवी असतानाच करायचं.

दूध आणि ब्रेड या वेळापत्रकात बसत नाहीत

आणि बळजबरीनं बसवायचे पण नाहीत. पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध फ्रिजमध्येही थोडेच दिवस राहतं, रोज लिटरभर लागत असेल तर सात लिटर ठेवायला फ्रिजमध्ये जागा कुठे आहे. घरपोच येत असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर टेट्रा पॅकमधलं, खूप जास्त तापमानाला प्रक्रिया केलेलं दूध बंद असताना फ्रिजबाहेरही महिनोन्‌महिने टिकतं, ते महिन्याच्या यादीत टाकता येतं, पण एकदा फोडलं की ते साध्या दुधासारखंच, फ्रिजमध्ये आणि तीन-चार दिवसांत संपवायचं. फ्रिजच्या दारात दूध ठेवू नका, दार उघडझाक होऊन तिथे सगळ्यात जास्त गरम होतं. आतल्या खणात मागच्या बाजूला ठेवा. फ्रिजचं तापमान ४ अंशांच्या आसपास किंवा त्याहून कमी असेल तर हे सगळे टिकण्याचे दिवस खरे धरायचे, त्याच्या वर असेल तर सगळंच लवकर बिघडणार.

ब्रेडचा अर्धा पुडा आणल्या दिवशीच फ्रीजरमध्ये टाका, स्लाइस सुटे निघतात आणि सरळ टोस्टरमध्ये किंवा तव्यावर जातात. फ्रिजमध्ये ठेवाल तर बुरशी उशिरा येईल पण ब्रेड लवकर वातड होतो. अंडी फ्रिजमध्ये तीन आठवडे सहज राहतात म्हणून ती पंधरवड्याची.

मधली फेरी कशामुळे पडते

भाजीमुळे फारशी पडत नाही, ती मीठ, चहा, तेल, पीठ यातलं काहीतरी अचानक संपल्यामुळे पडते. म्हणून ज्या पाच-सहा वस्तूंशिवाय घर चालतच नाही त्यांचं एक एक बंद पाकीट जास्तीचं असू द्या, आणि नियम असा की जास्तीचं पाकीट फोडलं त्याच क्षणी ते यादीत लिहायचं. संपल्यावर लिहायचं नाही, फोडल्यावर लिहायचं. नवीन आलेलं मागे आणि आधीचं पुढे. हे जास्तीचं पाकीट सगळ्याच वस्तूंचं ठेवायला लागलात तर कपाटाचं दुकान होईल आणि परत फेकाफेकी सुरू होईल, त्यामुळे पाच-सहावर थांबा.

यादी फ्रिजवर एकच कागद, तीन कॉलम, आठवडा, पंधरवडा, महिना. घरातल्या सगळ्यांनी त्याच्यावरच लिहायचं, फोनमध्ये एकाची आणि डोक्यात दुसऱ्याची अशी नको. वरच्या घराचा कागद साधारण असा दिसेल:

आठवडा: पालेभाजी २ जुड्या, मऊ भाज्या ३ प्रकार, टोमॅटो १ किलो, फळं, दही.
पंधरवडा: कणीक ५ किलो, कांदे ३ किलो, बटाटे सव्वादोन किलो, अंडी, कोबी, गाजर.
महिना: तांदूळ ६ किलो, तेल २ लिटर, डाळी-कडधान्यं अडीच किलो, मसाले, साखर, मीठ, चहा, साबण.

वस्तू चुकीच्या यादीत आहे हे कसं कळतं

एखादी वस्तू लागोपाठ दोन वेळा फेकावी लागली तर तिला एक पायरी खाली आणा, महिन्याची असेल तर पंधरवड्याची करा किंवा पाकीट छोटं घ्या. लागोपाठ दोन वेळा मध्येच संपली तर प्रमाण वाढवा, फेरी वाढवू नका. आणि एखादी वस्तू प्रत्येक खरेदीच्या वेळी अर्धीअधिक शिल्लक दिसत असेल तर एक खेप पूर्ण वगळा. तांदळात, डाळीत जाळं दिसलं की पतंगाच्या अळ्या आहेत, दाण्याला बारीक भोकं आणि तळाशी पीठ दिसलं की सोंडे किडे किंवा भुंगेरे आहेत. बऱ्याचदा या किड्यांची अंडी पाकिटातूनच घरात येतात, फ्रीजरमध्ये जागा असेल तर नवीन पाकीट तीन-चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवून मग, पूर्ण खोलीच्या तापमानाला आल्यावर, डब्यात ओता. गार असतानाच ओतलं तर डब्यात पाणी सुटतं.

पाकिटावरची तारीख वाचताना दोन शब्दांत फरक करा. या तारखेपूर्वी उत्तम असं लिहिलेलं असेल तर ती चवीची आणि कुरकुरीतपणाची तारीख असते, कोरडं सामान त्यानंतरही वास-चव ठीक असेल तर वापरता येतं. या तारखेपर्यंत वापरा असं लिहिलेलं असेल, विशेषतः मांस, मासे, ताज्या दुधाच्या पदार्थांवर, तर त्या तारखेनंतर वास घेऊन ठरवायला जाऊ नका. आणि दोन्ही तारखा बंद पाकिटाच्या असतात. फोडलं की मार्करनं टाकलेली आपली तारीख बघायची.

हवा बदलली, मुलांची सुट्टी लागली किंवा घरात माणूस वाढला-कमी झाला की जुने आकडे चालत नाहीत. तेव्हा सगळं पुन्हा मोजायची गरज नाही, फक्त कणीक, तेल, दूध आणि कांदे-बटाटे यांच्या तारखा दोन आठवडे परत लिहा आणि कागदावरचे तेवढेच आकडे खोडून नवीन टाका.